परदेशातील जिनिंगमध्ये फिटरच्या जागेसाठी अर्ज करताना सोबतचा ई-मेल कसा लिहावा

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील जिनिंगमध्ये रेच्यांवर काम केलेल्या फिटरांना पूर्व आफ्रिकेतील जिनिंगमध्ये मागणी असते. त्याचे कारण साधे आहे. आपल्याकडे चालणाऱ्या डबल रोलर जिन नागपुरातही तयार होतात आणि तेथून आफ्रिकेतील कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात. यंत्र तेच असल्यामुळे ते हाताळणारा माणूसही येथलाच मिळावा, असे तेथील मालकांना वाटते. तरीही आपल्या भागातील अनेक चांगल्या कारागिरांच्या अर्जांना उत्तर येत नाही. अशा कित्येक मुलांचे अर्ज मी वाचले आणि दुरुस्त केले आहेत. त्यात बहुतेक वेळा बायोडाटा ठीक असतो आणि कमी पडतो तो त्याच्यासोबतचा मेल. तो एक तर कोरा असतो, नाही तर शाळेत शिकलेल्या विनंती अर्जाचे इंग्रजी भाषांतर असतो. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेतले आहे. हिंगणघाट परिसरातील एका जिनिंगमध्ये सात हंगाम काम केलेला फिटर टांझानियातील एका जिनिंग कंपनीला अर्ज पाठवतो आहे, असे समजू आणि त्याचा मेल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कसा लिहावा, ते पाहू.

आधी हंगाम जुळवून पाहावा

मेल लिहायला बसण्यापूर्वी तो कधी पाठवायचा, हे ठरवावे लागते, कारण जिनिंग हा हंगामी धंदा आहे आणि चुकीच्या महिन्यात पोहोचलेला चांगला मेलही बाजूला पडतो. आपल्याकडे कापूस दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो आणि रेचे मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. टांझानियातील कापूस मुख्यतः देशाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या म्वांझा, शिन्यांगा, सिमियू या भागांत पिकतो. तेथे पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते, वेचणी मेच्या सुमारास सुरू होते आणि जूनपासून जिनिंगला वेग येतो. म्हणजे आपला हंगाम संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. विदर्भातल्या फिटरसाठी ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि ती मेलमध्ये स्पष्ट शब्दांत यायला हवी. युगांडाची गोष्ट निराळी आहे. तेथे कापूस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निघतो, म्हणजे आपल्याच हंगामात. तेथे जायचे तर येथील काम सोडावे लागते आणि मेलमध्येही तसे सांगावे लागते. एकच मेल दोन्ही देशांना पाठवणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, वाचणाऱ्याच्या मात्र लगेच लक्षात येते.

हंगाम जूनमध्ये सुरू होत असला तरी रेच्यांचे ओव्हरहॉलिंग त्याआधी महिनाभर चालते आणि परदेशी कामगारासाठी काम करण्याचा परवाना काढायला काही आठवडे लागतात. म्हणून टांझानियासाठीचा मेल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जावा. त्या वेळी आपले रेचे भर हंगामात असतात, सवड नसते, हे मला ठाऊक आहे. तरी एप्रिलमध्ये मोकळे झाल्यावर लिहिण्यात अर्थ उरत नाही, कारण तोवर त्यांची माणसे ठरलेली असतात.

वाचणाऱ्याला काय जाणून घ्यायचे असते

हा मेल बहुधा जिनिंगचा व्यवस्थापक किंवा कार्यालयातील भरतीचे काम पाहणारा कर्मचारी उघडतो. त्याच्यासमोर असे अनेक मेल असतात आणि जोडलेली फाइल उघडायची की नाही, हे तो मजकुराच्या पहिल्या चार-पाच ओळींवरून ठरवतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. हा माणूस कोणत्या यंत्रावर काम करतो, त्या यंत्राचे कोणते काम तो स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही मदतीशिवाय करू शकतो, आणि तो कधी येऊन किती महिने थांबू शकतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मेलमध्ये नसतील, तर बायोडाट्यात असूनही उपयोग होत नाही.

आता आपल्याकडून सर्रास जाणारा मेल कसा असतो, ते पाहावे. इंग्रजीतून मराठीत आणल्यास त्याचा मजकूर असा होतो:

> आदरणीय महोदय, उपरोक्त विषयानुसार मी नम्रपणे विनंती करतो की मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील असून मला नोकरीची अत्यंत गरज आहे. मला जिनिंगमधील सात वर्षांचा अनुभव आहे. मी प्रामाणिक, मेहनती असून कोणतेही काम करण्यास तयार आहे. कृपया मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती. माझा बायोडाटा सोबत जोडला आहे.

यातील एकही वाक्य खोटे नाही आणि लिहिणाऱ्याची गरजही खरी आहे. पण आपल्याकडे तहसील कार्यालयात किंवा शाळेत अर्ज देताना अडचण सांगावी लागते, कारण तेथे सवलत किंवा मदत मागायची असते, आणि ती सवय नोकरीच्या मेलमध्ये उतरते. जिनिंगच्या व्यवस्थापकाला कुटुंबाच्या परिस्थितीवरून कारागीर निवडता येत नाही. ‘कोणतेही काम करण्यास तयार’ हे वाक्य तर उलटे परिणाम करते. फिटर हवा असणाऱ्याला त्यातून हमाल दिसतो आणि पगारही तसाच ठरतो. ‘सात वर्षांचा अनुभव’ हेही अपुरे आहे, कारण जिनिंगमध्ये सात वर्षे काढलेला माणूस रुई उचलणारा असू शकतो, प्रेसवरचा असू शकतो आणि हेड फिटरही असू शकतो.

आपल्या कामाचे शब्द त्यांच्या शब्दांत आणावेत

जिनिंगच्या आवारात आपण ज्याला रेचा म्हणतो, तो तेथे डबल रोलर जिन किंवा नुसता रोलर जिन म्हणून ओळखला जातो. टांझानियात रोलर जिनबरोबर सॉ जिनही आहेत. सॉ जिनमध्ये दातेरी चकत्या असतात आणि तिची दुरुस्ती वेगळी असते. म्हणून नुसते जिन फिटर न लिहिता डबल रोलर जिन फिटर असे पूर्ण लिहावे. सॉ जिनवर काम केले नसेल, तर त्याचा उल्लेख करू नये. जाहिरातीत सॉ जिन मागितली असेल, तर आपण रोलर जिनवरच काम केले आहे, हे आधीच सांगावे, कारण तेथे पोहोचल्यावर ते उघड होतेच.

त्यानंतर कामे येतात. रेच्याच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांवर खाचा पाडाव्या लागतात, त्या झिजल्या की पुन्हा पाडाव्या लागतात आणि व्यास फार कमी झाला की रोलर बदलावा लागतो. स्थिर सुरी आणि हलती सुरी यांच्यातील अंतर व दाब जुळवावा लागतो. तो चुकला तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात, किंवा सरकीवर रुई राहून उतारा घटतो. जिनिंगमधल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण नेमके हेच मेलमध्ये लिहिलेले नसते. रोलरचे ग्रूव्हिंग, रोलर बदलणे, सुऱ्यांची जुळवणी आणि बेअरिंग बदलणे ही चार कामे नावानिशी लिहिली, तर व्यवस्थापकाला समोरचा माणूस रेचा खोलून बसवणारा आहे, हे एका वाक्यात कळते. यांपैकी जे काम स्वतः केले नसेल, ते गाळावे. दूरध्वनीवरच्या पहिल्याच मुलाखतीत ‘सरकी फुटत असेल तर आधी काय तपासाल’ असा प्रश्न येऊ शकतो आणि उत्तर हातातून आलेले आहे की ऐकलेले, हे जाणकाराला कळते.

नागपूरजवळ वाडी येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील प्रमाणपत्र असेल, तर त्यासाठी एक वाक्य अवश्य द्यावे. आयटीआय केले असेल, तर नुसते ‘आयटीआय’ लिहू नये, कारण ही अक्षरे भारताबाहेर फारशी कोणाला कळत नाहीत. दोन वर्षांचे शासकीय फिटर ट्रेड प्रमाणपत्र, असे उलगडून लिहावे.

आकडे असे द्यावेत की त्यांची पडताळणी जमेल

कामाचे प्रमाण सांगणारा एखादा आकडा मेलला वजन देतो, पण तो जपून निवडावा लागतो. आपल्या उदाहरणातील जिनिंगमध्ये २४ रेचे आहेत आणि दिवसरात्र चालून साधारण २०० गाठी निघतात, असे धरू. आपल्याकडची गाठ १७० किलोची असते. म्हणजे २४ तासांत ३४,००० किलो रुई झाली. ती २४ रेचे आणि २४ तास यांत वाटली, तर दर रेच्याला ताशी सुमारे ५९ किलो येतात. जुन्या, साध्या आकाराच्या रेच्यांसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. हाच अर्जदार भारी वाटावे म्हणून २०० च्या जागी ५०० गाठी लिहील, तर दर रेच्याला ताशी जवळजवळ १४८ किलो होतात. मोठ्या आकाराच्या डबल रोलर जिनचे उत्पादनही ताशी शंभर किलोच्या आसपास असते. ज्याने आयुष्य जिनिंगमध्ये घालवले आहे तो ही बेरीज-वजाबाकी कागद न घेता करतो आणि मग त्या मेलमधील खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही. म्हणून मेल पाठवण्यापूर्वी हे गणित स्वतः एकदा करून पाहावे. गाठींची संख्या देताना गाठीचे वजनही लिहावे, कारण प्रत्येक देशात गाठ सारख्या वजनाची नसते.

मेलचा मजकूर

जाहिरात टांझानियातील असली तरी मेल इंग्रजीतच लिहावा. पूर्व आफ्रिकेतील कापूस व्यवसायात गुजराती वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे मालकाशी पुढे हिंदीत बोलणे शक्य असते. परंतु तोच मेल कार्यालयातील इतरांकडे आणि परवान्याचे काम पाहणाऱ्याकडेही पाठवला जातो आणि त्यांना हिंदी येत नाही. इंग्रजी कच्चे असेल, तर मजकूर आधी मराठीत छोट्या वाक्यांत लिहावा आणि मग एकेका वाक्याचे भाषांतर करावे. इंटरनेटवरचा तयार नमुना उतरवू नये. त्यातील अलंकारिक इंग्रजी आणि दूरध्वनीवरचे आपले इंग्रजी यांतील फरक लगेच उघडा पडतो.

आपल्या उदाहरणातील फिटरचा मजकूर मराठीत असा होईल:

> महोदय किंवा महोदया,
>
> आपल्या म्वांझा येथील जिनिंगसाठी डबल रोलर जिन फिटर हवा असल्याची जाहिरात मी ३ फेब्रुवारीला पाहिली. त्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे.
>
> मी भारतात महाराष्ट्रातील एका जिनिंगमध्ये काम करतो. तेथे २४ डबल रोलर जिन आहेत आणि हंगामात २४ तासांत साधारण १७० किलोच्या २०० गाठी निघतात. मी तीन हंगाम मदतनीस होतो आणि गेले चार हंगाम रात्रपाळीचा फिटर आहे. रोलरचे ग्रूव्हिंग, रोलर बदलणे, स्थिर व हलत्या सुऱ्यांची जुळवणी आणि बेअरिंग बदलणे ही कामे मी स्वतः करतो. रात्रपाळीत दुसरा फिटर नसतो. हंगामापूर्वीच्या ओव्हरहॉलिंगमध्ये मी चारही वर्षे काम केले आहे. गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसवर मी काम केलेले नाही.
>
> माझ्याकडे दोन वर्षांचे शासकीय फिटर ट्रेड प्रमाणपत्र आहे. माझा पासपोर्ट २०३१ पर्यंत वैध आहे. आमचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो, म्हणून मी १ मेपासून येऊ शकतो आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबू शकतो.
>
> मी हिंदी चांगली बोलतो. कामाच्या सूचना इंग्रजीत समजतात आणि साध्या इंग्रजीत उत्तर देता येते. बायोडाटा आणि सध्याच्या मालकांचे अनुभवपत्र सोबत जोडले आहे. आपल्या वेळेनुसार सकाळी ८ ते दुपारी १ या वेळात मला दूरध्वनी करता येईल.

इंग्रजीत हा मजकूर दोनशे शब्दांच्या आसपास बसतो आणि मोबाइलवर दोनदा सरकवल्यावर संपतो. यापेक्षा मोठा मेल लिहू नये. यातील ‘रात्रपाळीत दुसरा फिटर नसतो’ हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. स्वतःला जबाबदार, अनुभवी अशी विशेषणे न लावता ते सांगते की बिघाड झाल्यावर हा माणूस एकटा निभावतो. प्रेसवर काम केले नसल्याचे वाक्य अनेकांना गाळावेसे वाटते. ते राहू द्यावे. प्रेससाठी बहुधा वेगळा माणूस असतो, आणि जे येत नाही ते सांगणाऱ्याचे जे येते ते खरे मानले जाते.

पगाराचा आकडा पहिल्या मेलमध्ये देऊ नये. जाहिरातीतच अपेक्षित पगार विचारला असेल, तर महिन्याची रक्कम अमेरिकन डॉलरमध्ये लिहावी आणि राहणे, जेवण व येण्या-जाण्याचे तिकीट त्यात धरले आहे की नाही, हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे. जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही मेलमध्ये लागत नाही.

विषयाची ओळ, नाव आणि फाइली

विषयाची ओळ रिकामी ठेवलेला किंवा नुसते ‘जॉब’ लिहिलेला मेल बरेचदा उघडलाही जात नाही. त्या ओळीत पद, यंत्र, अनुभव आणि येण्याची तारीख यावी:

```
Application: Double Roller Gin Fitter, 7 seasons, India, available 1 May
```

मोबाइलवर या ओळीचा शेवट कापला जातो, म्हणून पद सुरुवातीलाच असावे. जाहिरातीत एखादा संदर्भ क्रमांक दिला असेल, तर तो सर्वांत आधी लिहावा.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी असते, पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात आणि गावात हाक मारण्याचे नाव भलतेच असते. मेल, बायोडाटा आणि अनुभवपत्र या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच, त्याच स्पेलिंगमध्ये असावे. पुढे परवान्याच्या अर्जाला हीच कागदपत्रे लागतात आणि एका अक्षराच्या फरकानेही खुलासे करत बसावे लागते. मोबाइलमधील जीमेल खात्याला कोणते नाव दिले आहे, हेही पाहावे, कारण पाठवणारा म्हणून तेच दिसते. मित्राने उघडून दिलेल्या खात्यावर टोपणनाव किंवा देवाचे नाव असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी नवे खाते उघडावे आणि त्याचा पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा. सायबर कॅफेवाल्याच्या खात्यावरून अर्ज कधीही पाठवू नये. उत्तर त्याच्याकडे जाते आणि ते आल्याचे आपल्याला कळतही नाही.

मेलला दोनच फाइली जोडाव्यात, दोन्ही पीडीएफ असाव्यात आणि मिळून दोन-तीन एमबीपेक्षा जास्त नसाव्यात. जीमेल २५ एमबीपर्यंत जोडू देते, पण समोरच्या कंपनीची मर्यादा त्याहून कमी असू शकते आणि लहान गावातल्या जिनिंगमध्ये नेट आपल्याइतकेच संथ असते. फाइलच्या नावातच ती कोणाची आहे, हे दिसावे. पुढील नावांत शेवटच्या दोन शब्दांच्या जागी आपले आडनाव आणि नाव घालावे:

```
CV_Gin_Fitter_Surname_Name.pdf
Experience_Letter_Surname_Name.pdf
```

अनुभवपत्र ही हंगामी कामगारांची नेहमीची अडचण आहे, कारण जिनिंगमध्ये ते मागण्याची पद्धत नाही. हंगाम चालू असतानाच ते मालकांकडून किंवा मुनीमजींकडून जिनिंगच्या लेटरहेडवर इंग्रजीत घ्यावे. कोणत्या वर्षीपासून, कोणत्या पदावर, किती रेच्यांवर काम केले, एवढे चार ओळींत असले आणि सही-शिक्का असला, की पुरे. त्यातील वर्षे आणि मेलमधील हंगाम तंतोतंत जुळले पाहिजेत. भिंतीवर धरून काढलेला तिरपा फोटो पाठवू नये. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून मोबाइलच्या स्कॅनर अॅपने काढला, तर तो स्वच्छ येतो.

पासपोर्टची प्रत, आधार कार्ड आणि बँकेचा तपशील पहिल्या मेलसोबत जोडू नये. पासपोर्ट वैध असल्याचे एक वाक्य पुरते. टांझानियात परदेशी कामगाराच्या परवान्यासाठी अर्ज नोकरी देणारी कंपनी करते, म्हणून पासपोर्टची प्रत लागते ती निवड झाल्यावर. निवड पक्की झाली असे सांगून व्हिसासाठी किंवा परवान्यासाठी आधी पैसे भरायला लावणारे उत्तर आले, तर थांबावे. कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला क्रमांक शोधून तेथे स्वतः दूरध्वनी करावा आणि मेलमध्ये आलेल्या क्रमांकावर विसंबू नये. मध्ये एजंट असेल, तर त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का, ते पाहावे.

शेवटची सही आणि पाठवण्याची वेळ

मजकुराखाली पूर्ण नाव, खालच्या ओळीत डबल रोलर जिन फिटर हे पद, त्याखाली मोबाइल क्रमांक आणि शेवटी गाव, जिल्हा, महाराष्ट्र, भारत एवढे असावे. मोबाइल क्रमांकाच्या आधी `+91` लिहिलेच पाहिजे, कारण त्याशिवाय परदेशातून तो लागत नाही. त्याच क्रमांकावर व्हॉट्सअॅप असेल, तर तसे लिहावे. पहिला संपर्क बहुधा त्यावरच होतो आणि गावात रेंज नसली तर निदान संदेश तरी मागाहून पोहोचतो.

लिहून झालेला मेल आधी स्वतःच्या किंवा मित्राच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा आणि वेगळ्या मोबाइलवर उघडून पाहावा. फाइल जोडायची राहिली आहे, उघडत नाही, किंवा मागच्या कंपनीचे नाव तसेच राहिले आहे, या तिन्ही चुका येथेच सापडतात. त्यानंतर प्रत्येक कंपनीला वेगळा मेल पाठवावा. एकाच मेलमध्ये तीस पत्ते टाकले, की ते सर्वांना दिसतात आणि प्रत्येकाला आपण गर्दीतले एक आहोत, हे समजते. पाच कंपन्या निवडून प्रत्येकीच्या जिनिंगचे गाव आणि जाहिरातीतील यंत्र मेलमध्ये नमूद केले, तर ते तीस मेलांपेक्षा अधिक कामाचे ठरते.

टांझानियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपल्याकडे सोमवार ते गुरुवार सकाळी साडेदहाच्या सुमारास पाठवलेला मेल तेथे आठ वाजता, कार्यालय उघडताना पोहोचतो. मजकुरात दिलेली सकाळी ८ ते दुपारी १ ही वेळ म्हणजे आपली साडेदहा ते साडेतीन. रात्रपाळी करून आलेल्या फिटरने या वेळात मोबाइल बंद करून झोपू नये, किंवा आपल्याला झेपेल अशी दुसरी वेळ लिहावी.

मेल पाठवल्यावर काही मिनिटांत ‘Address not found’ असा संदेश परत आला, तर पत्ता चुकला आहे. जाहिरातीशी एकेक अक्षर ताडून पाहावे. तसा संदेश आला नाही, तर मेल बहुधा पोहोचला आहे. पुढील दहा दिवस रोज इनबॉक्सबरोबर स्पॅमचा कप्पाही उघडून पाहावा, कारण अनोळखी परदेशी पत्त्यावरून आलेले उत्तर तेथे जाऊन पडू शकते. दहा दिवसांत काहीच आले नाही, तर त्याच पाठवलेल्या मेलवर उत्तर म्हणून तीन ओळी लिहाव्यात: अमुक तारखेला डबल रोलर जिन फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता, मी अजूनही १ मेपासून येऊ शकतो, आणि बायोडाटा पुन्हा जोडला आहे. नवा मेल सुरू करू नये. जुन्यावरच उत्तर दिले, तर पहिला मजकूर खाली राहतो आणि वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही. या स्मरणपत्रालाही उत्तर आले नाही, तर तिसऱ्यांदा लिहू नये आणि पुढच्या कंपनीचा मेल हाती घ्यावा.